फॅमिली ग्रुपवरचा सेट: उशिरा उत्तर देणारी आत्या आणि कॉलबॅक

प्रश्न: फॅमिली ग्रुपवर पाच मिनिटांचा स्टँड-अप सेट लिहिलाय. निरीक्षणं सगळी खरी आहेत, लोक माना डोलावतात, पण हसत नाहीत. टॅग कुठे जोडायचे आणि कॉलबॅक कसा बसवायचा, हे एखादी स्क्रिप्ट दाखवून सांगाल का?

उत्तर:

माना डोलावल्या म्हणजे तुमचं निरीक्षण पोचलं. 'आमच्याकडेही अगदी असंच' इथपर्यंत प्रेक्षक आला आणि थांबला. सकाळच्या शुभेच्छा, आरोग्याचे फॉरवर्ड, भलत्याच ग्रुपवर गेलेला फोटो असं एकामागून एक मांडत गेलं की प्रेक्षक प्रत्येक गोष्टीला होकार देतो आणि पुढचीची वाट बघतो. त्या यादीत सवयी असतात, पण माणसं नसतात. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की यादी बाजूला ठेवा आणि दोनच पात्रं घ्या. प्रत्येकाला एकच सवय द्या, आणि त्या सवयीला त्या माणसाच्या दृष्टीनं पटणारं कारण द्या.

कॉलबॅकसाठी फॅमिली ग्रुपमध्ये एक सवय फार कामाची आहे, ती म्हणजे पंधरा दिवसांनी येऊन जुन्या मेसेजना उत्तरं देणं. आधी पेरलेली गोष्ट वेगळ्याच प्रसंगात परत येते तेव्हा कॉलबॅक होतो, आणि ग्रुपवरची आत्या आपणहून तेच करत असते. एरवी लेखकाला कॉलबॅक ओढूनताणून आणावा लागतो. इथे तो पात्राच्या वागण्यातून येतो, त्यामुळे तो रचलेला आहे हे प्रेक्षकाला जाणवत नाही.

खालची स्क्रिप्ट हसण्यासाठी थांबत बोलली तर चार मिनिटांच्या आसपास जाते. कंसात रंगमंचावरची कृती आहे.

*

आमच्या फॅमिली ग्रुपमध्ये चौतीस जण. सगळ्यात शांत काका. काका टाइप करत नाहीत. काका फक्त... (अंगठा वर.)

कुणाला नोकरी लागली. (अंगठा.) कुणाचा पाय मोडला. (अंगठा.) तो प्लास्टरमधून विचारतोय, 'काका, हे पायाला, की मोडण्याला?' (अंगठा.)

अशा काकांनी एक दिवस पूर्ण वाक्य टाइप केलं. सगळा ग्रुप जागा झाला. 'माझा चष्मा कुणी पाहिला का?'

चौतीस माणसांना. त्या घरात राहतात तीन.

काकू कुठे होती? शेजारच्या खुर्चीत. तिनं उत्तर दिलं. ग्रुपवर. 'नाही.'

ताई, दुसऱ्या गावाहून: 'कोणता? काळ्या फ्रेमचा?'

दादा, परदेशातून, तिथे रात्रीचे तीन: 'आमच्याकडे नाही.' (थांबा.) 'पलंगाखालीही बघितलं.'

एकच व्यक्ती बोलली नाही. आत्या. आत्या पंधरा दिवसांनी एकदा ग्रुपवर येते. आली की पहिल्या मेसेजपासून वाचते आणि प्रत्येकाला उत्तर देते. क्रमानं. कारण एखाद्याला उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा. आम्ही तिला शिकवलं, 'आत्या, ज्याला उत्तर द्यायचं तो मेसेज सरकवायचा, म्हणजे कळतं तू कुणाशी बोलतेयस.' आत्या म्हणाली, 'ज्याला कळायचं त्याला कळतं.'

आजोबा मात्र रोज असतात. आजोबांचा व्हॉइस मेसेज येतो. चार मिनिटांचा. पहिलं मिनिट, 'हे चालू झालं का?' पुढची दोन मिनिटं मागून काकू, 'दाबून धरा. दाबून धरा!' मग आजोबा, 'जाऊ दे, काही विशेष नव्हतं.' राहिलं एक मिनिट. ते बंद होत नव्हतं.

तर, पंधरा दिवस गेले. दादाची नोकरी गेली. त्यानं रात्री ग्रुपवर लिहिलं, 'नोकरी सुटली. आता कुठे बघावं, काही सुचत नाही.' सगळ्यांनी वाचलं. कुणाला शब्द सापडेना. आणि वर दिसायला लागलं, आत्या टाइप करतेय.

'डोक्यावर बघ.'

दादा: 'काय?'

आत्या: 'तिथेच असणार. तू लहानपणापासून वेंधळा.' आणि आत्या गेली. आता पंधरा दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचं आयुष्यातलं दुसरं वाक्य: 'सापडला. डोक्यावरच होता.'

पंधरा दिवस! (थांबा.) काकू शेजारच्या खुर्चीत.

आणखी पंधरा दिवस. ताईनं फोटो टाकला. ताई आणि एक मुलगा. 'सगळ्यांना सांगायचं होतं, हा माझा होणारा नवरा.' लगेच त्यालाही ग्रुपवर घेतलं. चौतीसचे पस्तीस. त्याचा पहिला दिवस. सगळे अभिनंदन टाइप करतायत. आणि वर दिसायला लागलं... (थांबा.)

आत्या: 'सापडला एकदाचा! आता दोरी बांध.'

ताई: 'आत्या!'

आत्या: 'आमच्याकडचा दोनदा हरवला. शेवटी नवाच घेतला.'

मुलगा बिचारा. पस्तीस जण बघतायत. आजच आलाय. काय बोलणार? (अंगठा.)

काकू: 'घरचाच आहे.'

*

आता हे असं का रचलं ते सांगतो. सुरुवात सेटअपपासून.

'प्रत्येक फॅमिली ग्रुपमध्ये एक असे काका असतात, जे काहीही हरवलं की ग्रुपवर विचारतात' असं वाक्य बहुतेक नवीन लेखक लिहितात. त्यात गंमत आधीच सांगून टाकली जाते आणि पंचला काही उरत नाही. वरच्या स्क्रिप्टमध्ये मेसेज जसाच्या तसा आहे, 'माझा चष्मा कुणी पाहिला का?' त्यानंतर दोन आकडे येतात. ग्रुपमध्ये चौतीस, घरात तीन. विसंगती प्रेक्षक स्वतः जोडतो आणि त्या जोडण्यातच त्याला हसू येतं. 'किती हास्यास्पद आहे बघा' हे तुम्ही म्हणालात तर त्याचं काम तुम्ही केलंत.

मराठीत लिहिताना आणखी एक अडचण येते. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे हशा पिकवणारा शब्द मधे अडकतो आणि त्याच्या मागे 'होती', 'आहे', 'असते' अशी शेपटं राहतात. 'काकू शेजारच्या खुर्चीत बसलेली होती' हे वाक्य बोलून बघा. प्रेक्षक 'खुर्चीत'ला हसायला लागतो आणि तुम्ही अजून 'बसलेली होती' म्हणत असता. हसू दबतं. त्यावर उपाय म्हणजे क्रियापद प्रश्नात टाकून द्यायचं: 'काकू कुठे होती? शेजारच्या खुर्चीत.' तुमचा सेट घेऊन बसा आणि प्रत्येक पंचनंतर किती अक्षरं उरतात ते बघा. माना डोलावणाऱ्या प्रेक्षकाचं अर्धं उत्तर तिथेच मिळण्याची शक्यता आहे.

टॅग म्हणजे पंचनंतर नवा सेटअप न देता जोडलेली पुढची ओळ. चष्म्याच्या मेसेजवर काकू, ताई आणि दादा असे तीन टॅग आहेत, आणि त्यांचा क्रम अंतरावर ठरलेला आहे. काकू त्याच खोलीत, ताई दुसऱ्या गावात, दादा दुसऱ्या देशात. माणूस जितका लांबचा तितकं त्याचं उत्तर निरर्थक, आणि तितकीच त्याची काळजी खरी. दादाला आधी आणलंत तर सगळ्यात मोठा हशा सुरुवातीलाच संपतो आणि मग काकूचं 'नाही' फिकं पडतं. 'पलंगाखालीही बघितलं' हा टॅगवरचा टॅग आहे. दादानं खरोखर शोधलं, एवढीच नवी माहिती त्यात आहे, पण त्यातून हा ग्रुप कसा आहे ते कळतं. ही माणसं मूर्ख नाहीत, ती एकमेकांसाठी रात्री तीन वाजता उठून पलंगाखाली वाकतात. फॅमिली ग्रुपवरच्या सेटमध्ये हा ओलावा हवाच. तो नसेल तर प्रेक्षकाला वाटतं, हा आपल्या घरच्यांची टवाळी करतोय, आणि तो हात आखडता घेतो.

टॅग कुठे थांबवायचे? ज्या क्षणी पुढच्या ओळीसाठी नवीन माणसाची ओळख करून द्यावी लागते, त्या क्षणी. चष्म्यावर चौथा टॅग म्हणून 'चुलतभावानं चष्मा शोधण्याचा उपाय फॉरवर्ड केला' असं मला सुचलं होतं. पण तो भाऊ कोण, तो नेहमी फॉरवर्ड करतो का, हे सांगावं लागलं असतं. तो वेगळा विनोद आहे, त्याला वेगळी जागा द्यावी.

आता कॉलबॅक. या स्क्रिप्टमध्ये कॉलबॅकच्या वस्तू तीन आहेत: चष्मा, अंगठा आणि शेजारची खुर्ची. तिन्ही पहिल्या मिनिटात स्वतःचा हशा घेऊन पेरल्या आहेत, आणि ही अट मी कधी सोडत नाही. ज्या ओळीला पहिल्यांदा हसू आलं नाही ती प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही, आणि लक्षात नसलेली गोष्ट परत आली तर ती नुसती माहिती होते.

दुसरी अट अंतराची. पेरणी आणि परतफेड यांच्या मधे प्रेक्षकानं ती गोष्ट बाजूला ठेवलेली असली पाहिजे. आजोबांच्या व्हॉइस मेसेजचा तुकडा याचसाठी आहे. त्याचा चष्म्याशी संबंध नाही, त्यात आत्या नाही, आणि तो स्वतःच्या बळावर हसवतो. तो काढून 'डोक्यावर बघ' लगेच आणलंत तर प्रेक्षकाला ते येताना दिसतं. तुमच्याकडे पूर्ण पाच मिनिटं असतील तर उरलेलं मिनिट याच जागी भरा. शेवटाकडे भरू नका, तिथे गती वाढत गेली पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळ खाते. जुन्या मेसेजचं उत्तर नव्या मेसेजखाली पडल्यावर ते दोन्ही ठिकाणी बसलं पाहिजे. 'डोक्यावर बघ' हे चष्म्याचं उत्तर आहे, पण ते दादाच्या मेसेजखाली बसावं म्हणून दादाचं वाक्य 'आता कुठे बघावं' असं मुद्दाम लिहिलंय. 'आता काय करावं' असं लिहिलं असतं तर उत्तर घसरलं असतं. शेवटच्या भागात 'सापडला', 'हरवला', 'नवाच घेतला' हे सगळं चष्म्याबद्दल आहे आणि नवऱ्यालाही लागू पडतंय, कारण दोन्ही पुल्लिंगी. काकांची किल्ली हरवली असती तर आत्याला 'सापडली' म्हणावं लागलं असतं, पाकीट असतं तर 'सापडलं', आणि ताईच्या फोटोखाली दोन्ही फसलं असतं. म्हणून शेवट आधी लिहा आणि त्याला चालेल अशी हरवणारी वस्तू निवडा. मीही इथे नवरा आधी ठरवला, चष्मा नंतर.

प्रेक्षक तर्कही तपासत असतो, फक्त बोलून दाखवत नाही. काकांनी 'सापडला' हे आत्या असतानाच लिहिलं असतं तर तिनं लगेच उत्तर दिलं असतं आणि शेवटचा प्रसंग उभाच राहिला नसता. म्हणून 'आत्या गेली' आणि 'दुसऱ्या दिवशी सकाळी' हे शब्द तिथे आहेत. तसंच 'ज्याला कळायचं त्याला कळतं' ही ओळ. आत्या मेसेज सरकवून उत्तर देत असती तर वर जुना मेसेज दिसला असता आणि गोंधळ झालाच नसता. अ‍ॅपमध्ये ती सोय आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं, त्यामुळे ती आत्या का वापरत नाही हे सांगणं भाग होतं.

अ‍ॅपच्या सोयी बदलतात, यावरही नजर ठेवा. ग्रुप सोडल्यावर सगळ्यांना दिसणारी सूचना हा पूर्वी हमखास विनोद होता. २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं ती सूचना फक्त अ‍ॅडमिनपुरती केली, तेव्हापासून 'काका लेफ्ट' म्हटलं की चार जणांच्या डोक्यात 'आता असं दिसत नाही' येतं आणि ते हसायचं विसरतात. सोयीवर बेतलेली प्रत्येक ओळ सादर करण्याआधी स्वतःच्या फोनवर पडताळून घ्या.

चौथी गोष्ट, शेवटचा कॉलबॅक नव्या माणसाच्या हाती द्या. अंगठा काकांचा आहे. शेवटी काकांनीच तो दाखवला असता तर ती पुनरावृत्ती झाली असती. आज ग्रुपवर आलेल्या मुलानं तो दाखवला, म्हणून सवयीतून एक गोष्ट घडली: तो या घरातला झाला. काकूची शेवटची ओळ तेच दोन शब्दांत सांगते. त्यानंतर एकही वाक्य बोलू नका, 'धन्यवाद'ही हशा ओसरल्यावर.

सादरीकरणाचं थोडं. फोन हातात घेऊन मेसेज वाचू नका, डोळे खाली गेले की प्रेक्षक सुटतो. आधी नाव, मग छोटा थांबा, मग मेसेज. आत्याचा आवाज ठाम आणि प्रेमळ ठेवा, ती कधीच गोंधळलेली नाही. अंगठा शब्दांत सांगू नका, हातानं दाखवा, आणि माईक कोणत्या हातात हे पहिल्यापासून ठरवा. मोकळा हात एरवी शांत ठेवलात तरच तो वर गेल्यावर लक्ष वेधतो. हातवारे करायची सवय असेल तर माईक स्टँडवर राहू द्या आणि अंगठ्याचा हात खिशात.

ओपन माइकला गेल्यावर प्रयोग रेकॉर्ड करा आणि ऐकताना स्क्रिप्टच्या कागदावर हशाच्या जागी खूण करा. 'डोक्यावर बघ'ला हसू एक-दोन सेकंद उशिरा आणि कुजबुजत आलं, तर पेरणी कच्ची आहे. अशा वेळी कॉलबॅक समजावून सांगायचा मोह होतो, 'म्हणजे चष्म्याबद्दल बोलत होती' अशी ओळ घुसते. ती काढा आणि वर जाऊन चष्म्याच्या मेसेजनंतर थोडं जास्त थांबा. उलट, 'आत्या टाइप करतेय' दुसऱ्यांदा म्हणताच लोक हसायला लागले तर ते यशच आहे, त्यांना रचना कळलीय. स्क्रिप्टमध्ये दुसऱ्या वेळी ते वाक्य अर्धवट सोडलंय ते याचसाठी. पण तिथे हसू आलं नाही, नुसती शांतता आली, तर वाक्य पूर्ण म्हणा.

घरच्यांचं म्हणाल तर खरे मेसेज जसेच्या तसे उचलू नका. सवय खरी ठेवा, नातं बदला आणि प्रसंग स्वतः रचा. माझ्या अनुभवात पात्राला पटणारं कारण दिलेलं असलं की जिच्यावरून ते सुचलं ती व्यक्ती समोर बसूनही हसते, आणि बरेचदा शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणते, 'ही अगदी तू.' तसं होत नसेल आणि तिचा चेहरा उतरत असेल, तर कारणाची ओळ कमी पडतेय किंवा टॅगमध्ये तिच्यावर वार झालाय. तो टॅग कितीही हसवत असला तरी मी काढतो, आणि बहुतेक वेळा त्या जागी 'पलंगाखालीही बघितलं'सारखी दुसरी ओळ सापडते.